दुर्मिळ आजाराचा सॅम्पल साइज: आधी रुग्ण मोजा, मग माणसं

सिनॉप्सिस जमा करायचे दिवस आले की माझ्या टेबलावर एकच आकडा फिरून फिरून येतो: ३८४. विषय मधुमेहाचा असो, दात किडण्याचा असो की हजारात चौघांना होणाऱ्या आजाराचा. मध्यंतरी पीएसएमची एक रेसिडेंट मात्र वेगळा आकडा घेऊन आली. "मॅडम, माझा सॅम्पल साइज सात येऊन राहिला. बरोबर आहे नं?"

तिचा विषय होता नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात सिकलसेल आजाराचं प्रमाण. तिनं अपेक्षित प्रमाण ०.४ टक्के धरलं, चूक ५ टक्के धरली आणि सूत्रात घातलं. उत्तर खरंच सात येतं. गाइडनं तिला सांगितलं होतं, "सात कसे चालतील? प्रमाण पन्नास टक्के धर, ३८४ येतील, कोणी विचारत नाही." हा सल्ला ऐकून मी पेन खाली ठेवला, कारण सात आणि ३८४ ही दोन्ही उत्तरं एकाच चुकीतून आलेली आहेत. ती चूक कुठे होते आणि ती टाळून आकडा कसा काढायचा, ते याच उदाहरणावर पायरीपायरीनं दाखवते. उदाहरणातली प्रमाणं मी हिशेबासाठी धरलेली आहेत. ती कोणत्याही सर्वेक्षणाचे निष्कर्ष नाहीत, तेव्हा उचलून थीसिसमध्ये टाकू नका.

## तयारी: कॅल्क्युलेटर उघडण्याआधी

कागदावर चार ओळी लिहा. कोणत्या लोकांमधलं प्रमाण हवं आहे? आजार आहे असं कोणत्या चाचणीनं ठरवणार? प्रमाण साधारण किती ते किती असेल? आणि उत्तर किती नेमकं हवं आहे? या चार ओळी न लिहिता काढलेला आकडा मी तपासतसुद्धा नाही, कारण तो तपासता येत नाही.

## टप्पा १: कोण आणि काय मोजायचं ते बांधून घ्या

"सिकलसेलचं प्रमाण" हा शब्दप्रयोगच घोटाळ्याचा आहे. दोन्ही बाजूंनी सिकलचा जीन आलेला तो रुग्ण (एसएस), एकाच बाजूनं आलेला तो वाहक (एएस). वाहक दहा टक्के असू शकतात, तिथेच रुग्ण हजारात मोजकेच असतील. वाहकांसाठी काढलेल्या नमुन्यात रुग्णांचं प्रमाण निघत नाही. आपण इथे रुग्णांचं प्रमाण काढतो आहोत.

वय ठरवताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, त्यामुळे सोल्युबिलिटी टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून आपण एक वर्षापासून पुढे घेऊ. दुसरी गोष्ट, काही रुग्ण लहानपणीच दगावतात, म्हणून मोठ्या माणसांमधलं प्रमाण मुलांपेक्षा कमी दिसतं. वयाची वरची मर्यादा बदलली की उत्तरही बदलतं. तिसरी गोष्ट शाळेची. शाळेत जाऊन नमुना घेणं सोपं असतं, पण सारखं दुखणं येणारं मूल त्या दिवशी शाळेत नसतंच. ज्याला शोधायचं तोच गैरहजर.

आपली व्याख्या अशी: नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात राहणारे १ ते ४० वर्षांचे लोक, घरोघरी जाऊन, गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं नसलेले. रक्त चढवलेल्यांना वगळून विसरू मात्र नका. रुग्णांनाच रक्त जास्त लागतं, त्यामुळे अशांची वेगळी यादी करून त्यांचे जुने रिपोर्ट पाहायचे किंवा तीन महिन्यांनी परत जायचं.

तपासा: व्याख्या वाचून आशाताईला कोणत्या घरातलं कोण घ्यायचं आणि कोण सोडायचं हे न विचारता कळतं का? कळत नसेल तर व्याख्या अजून झालेली नाही.

## टप्पा २: अपेक्षित प्रमाण एक आकडा नव्हे, पट्टा म्हणून धरा

इथे बहुतेक जण हाती लागेल तो पहिला पेपर उचलतात. तो पेपर मेडिकल कॉलेजच्या ओपीडीचा असेल तर त्यातलं प्रमाण फुगलेलंच असणार, कारण तिथे आजारी माणसंच येतात. तो फक्त एका आदिवासी समाजातला असेल तर तो आकडा अख्ख्या जिल्ह्याला लावता येत नाही. विदर्भात सिकलसेल आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाजांत जास्त दिसतो. रामटेक-पारशिवनीच्या जंगलपट्ट्यातल्या गावाचा आकडा काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या पट्ट्याला जसाच्या तसा लागू होईल असं गृहीत धरू नका.

तुमच्या व्याख्येच्या सगळ्यात जवळचे दोन-तीन स्रोत घ्या आणि एक पट्टा लिहा. आपण हजारात २ ते ६ असा पट्टा धरू, मधला आकडा ४, म्हणजे p = 0.004.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. "प्रमाण माहीत नसेल तर पन्नास टक्के धरा, सर्वांत मोठा सॅम्पल येतो, सुरक्षित राहतं" हे वाक्य पाठ करून ठेवलेलं असतं. चूक निरपेक्ष धरली तरच ते खरं आहे, म्हणजे "५ टक्के इकडे, ५ टक्के तिकडे" असं म्हटलं तर. चूक प्रमाणाच्या हिश्शात धरली की गणित उलटं फिरतं आणि प्रमाण जितकं लहान तितका सॅम्पल मोठा होतो. दुर्मिळ आजारात पन्नास टक्के धरणं सुरक्षित तर नाहीच, त्यात सॅम्पल फारच कमी मिळतो.

## टप्पा ३: चूक प्रमाणाच्या मापानं धरा

आपलं नेहमीचं सूत्र हे:

```
n = Z^2 * p * (1 - p) / d^2
```

Z ची किंमत 1.96, आणि d म्हणजे आपण चालवून घेऊ ती चूक. वरच्या रेसिडेंटनं d म्हणून 0.05 घातलं होतं. त्याचा अर्थ नीट वाचा: खरं प्रमाण ०.४ टक्के आहे आणि मला ते ५ टक्के इकडेतिकडे चाललं तरी हरकत नाही. म्हणजे उत्तर उणे ४.६ ते ५.४ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असलं तरी चालेल. एवढं सैल उत्तर तर सर्वेक्षण न करताही देता येतं, आणि सूत्र बिचारं प्रामाणिक आहे, म्हणून ते सात माणसं सांगतं.

मग ३८४ घेतले तर? अपेक्षित रुग्ण दीड. हजारात चार असं प्रमाण खरोखर असूनही ३८४ लोकांत एकही रुग्ण न सापडण्याची शक्यता सुमारे २१ टक्के आहे. म्हणजे पाचातला एक विद्यार्थी "आमच्या भागात आजारच नाही" असं लिहून मोकळा होणार. ज्याला दोन रुग्ण सापडले तो हजारात ५.२ लिहील, आणि त्याचा खरा ९५ टक्के पट्टा हजारात साधारण ०.६ ते १९ असेल. एवढ्या मोठ्या पट्ट्यावर औषधांचा साठा ठरत नाही आणि समुपदेशकही नेमता येत नाही.

म्हणून d हा p च्या हिश्शात धरा. p च्या ३० टक्के चूक चालवून घ्यायची असेल तर d = 0.3 × 0.004 = 0.0012. म्हणजे हजारात ४ असेल तर आपलं उत्तर साधारण २.८ ते ५.२ च्या मध्ये यावं.

सावधान: थीसिसमध्ये `4pq/L^2` हे सूत्र टक्क्यांत वापरायची पद्धत आहे, आणि त्यात दोन खड्डे आहेत. p टक्क्यांत ०.४ लिहिला की q हा १०० वजा ०.४, म्हणजे ९९.६ होतो. घाईत तो १ वजा ०.४, म्हणजे ०.६ लिहिला जातो. बरोबर आकड्यांनी (L = ०.१२) ११,०६७ येतात आणि चुकीच्या q नं ६७. हा ६७ सातासारखा हास्यास्पद वाटत नाही, म्हणून तो कमिटीतून सुखरूप पार होतो. दुसरा खड्डा L चा. "३० टक्के" म्हणून सरळ ३० लिहिलं तर उत्तर एका माणसापेक्षाही कमी येतं. L म्हणजे p च्या ३० टक्के, इथे ०.१२.

## टप्पा ४: किती रुग्ण सापडायला हवेत ते आधी काढा

मला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती बहुतेक ठिकाणी शिकवतच नाहीत. आजार दुर्मिळ असला की (1 − p) जवळजवळ १ असतो. मग सूत्र आवळत जाऊन एवढंच उरतं: उत्तराचा नेमकेपणा सापडलेल्या रुग्णांच्या संख्येवर ठरतो, तपासलेल्या माणसांच्या संख्येवर नाही. लागणारे रुग्ण म्हणजे 1.96 चा वर्ग भागिले सापेक्ष चुकीचा वर्ग.

५० टक्के चूक चालत असेल तर साधारण १५ रुग्ण लागतात. ३० टक्के हवी असेल तर ४३. २५ टक्क्यांसाठी ६१, २० टक्क्यांसाठी ९६. आणि कोणी १० टक्के मागितली तर ३८४! तोच ओळखीचा आकडा, फक्त इथे तो माणसांचा नसून रुग्णांचा आहे.

आता माणसं काढणं सोपं झालं. ४३ रुग्ण हवेत आणि हजारात ४ मिळतात, म्हणजे साधारण पावणेअकरा हजार माणसं. नेमकं R मध्ये पाहू:

```
p <- 0.004
e <- 0.30
ceiling(1.96^2 * (1 - p) / (p * e^2))
# 10629
```

या आकड्याची पारख दोन बाजूंनी करा. समजा १०,६२९ जणांत खरंच ४३ रुग्ण सापडले. तर नेमक्या पद्धतीनं काढलेला पट्टा असा येतो:

```
binom.test(43, 10629)$conf.int
```

उत्तर हजारात साधारण २.९ ते ५.४. सूत्रानं कबूल केलं होतं २.८ ते ५.२. पट्टा वरच्या बाजूला थोडा जास्त लांबतो, कारण लहान प्रमाणाला खाली शून्याची भिंत असते आणि वर मोकळं रान. चाळीसच्या पुढे रुग्ण असले की हा फरक किरकोळ राहतो. पंधरा रुग्णांवर तो नजरेत भरतो: ३,८२७ माणसं घेऊन हजारात २ ते ६ ची अपेक्षा ठेवलेली असते, पण पट्टा २.२ ते ६.५ येतो. त्याहून कमी रुग्णांवर मी हे सूत्र वापरत नाही, थेट `binom.test` मध्ये वेगवेगळे आकडे घालून पट्टा बघते.

दुसरी पारख: तुमचा अंदाजच चुकला तर? खरं प्रमाण हजारात २ निघालं तर त्याच १०,६२९ लोकांत २१ रुग्ण सापडतील आणि चूक ३० वरून सुमारे ४३ टक्क्यांवर जाईल. हे चालेल का, ते आत्ताच ठरवा. चालत नसेल तर पट्ट्यातला खालचा आकडा धरून सॅम्पल काढा, तो सरळ दुप्पट होईल.

तपासा: n आणि p यांचा गुणाकार करा. तो दहाच्या खाली असेल तर प्रमाण काढण्याचा अभ्यास म्हणून तो आराखडा मांडूच नका.

## टप्पा ५: गावागावांतून घेणार, तर क्लस्टरचा भार घाला

वरचा आकडा साध्या यादृच्छिक नमुन्याचा आहे, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याच्या यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखा. प्रत्यक्षात आपण गावं निवडतो आणि प्रत्येक गावातून शंभर-दोनशे लोक घेतो. एका गावातले लोक एकमेकांसारखे असतात. सिकलसेलमध्ये तर फारच, कारण हा आजार रक्ताच्या नात्यातून येतो आणि एकेका समाजाची वस्ती एकत्र असते. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के. एका घरात तीन रुग्ण सापडले म्हणजे तीन वेगळ्या घरांत सापडलेल्या तीन रुग्णांइतकी माहिती मिळाली, असं होत नाही.

हा भार डिझाइन इफेक्टनं मोजतात:

```
deff = 1 + (m - 1) * icc
```

m म्हणजे एका गावातून तपासलेले लोक आणि icc म्हणजे गावातल्या लोकांचं एकमेकांशी साम्य. दुर्मिळ आजारात icc लहान असतो, पण m मोठा असतो, म्हणून गुणाकार दुर्लक्ष करण्याइतका राहत नाही. icc = 0.005 धरू. गावातून १०० जण घेतले तर deff जवळजवळ १.५ येतो, म्हणजे १५,९४४ लोक आणि १६० गावं. गावं कमी करून प्रत्येकी ३०० घेतले तर deff अडीचच्या जवळ जातो: साडेसव्वीस हजार लोक, ८९ गावं. जीपचा खर्च वाचला, पण साडेदहा हजार सुया वाढल्या. दोन्ही खर्च शेजारी शेजारी मांडून निवड करा. "डिझाइन इफेक्ट २ धरला" असं कारण न देता लिहू नका. लसीकरणाच्या ३० क्लस्टरच्या सर्वेक्षणातून हा २ उचललेला असतो, आणि त्याचा तुमच्या m शी काही संबंध नसतो.

जुन्या तपासणीची गाववार यादी मिळाली तर icc स्वतः काढा. ती मिळाली नाही तर 0.002, 0.005 आणि 0.01 अशा तिन्ही किमतींनी आकडा काढून सिनॉप्सिसमध्ये तिन्ही दाखवा.

गावं लोकसंख्येच्या प्रमाणात निवडा. जंगलपट्टा आणि बाकीचा जिल्हा असे दोन थर केले तर उत्तम, पण मग एका थरातून जास्त लोक घेतल्यास शेवटी वजन लावावं लागेल. जंगलपट्ट्यातून जास्त लोक घेऊन वजन न लावता दोन्ही थरांची सरळ बेरीज केली की जिल्ह्याचं प्रमाण फुगतं. ही चूक मी छापलेल्या लेखांतही पाहिली आहे.

## टप्पा ६: न भेटणाऱ्यांसाठी भागाकार करा, गुणाकार नाही

दहा टक्के लोक भेटणार नाहीत किंवा सुई टोचून घ्यायला नाही म्हणतील असं धरू. १५,९४४ ला १.१ नं गुणलं तर १७,५३८ येतात आणि त्यातले दहा टक्के गेले की १५,७८४ उरतात, म्हणजे कमी. बरोबर हिशेब ०.९ नं भागायचा: १७,७१६. गावनिहाय सोपं करायचं तर १६० गावं, प्रत्येकी ११२ नावं, एकूण १७,९२०.

पण ही टक्केवारी हा खरा धोका नाही. न भेटणारे कोण आहेत, हा आहे. मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस अंशांत गावात गेलात तर कोण भेटेल? कापूस वेचणीच्या दिवसांत घरात कोण असेल? आणि सिकलसेलचा रुग्ण त्या आठवड्यात दुखणं उठून तालुक्याच्या दवाखान्यात असेल तर? "घर बंद होतं, शेजारचं घेतलं" असं केलं की रुग्ण निसटतो आणि संख्या मात्र पूर्ण दिसते. एकूण ४३ रुग्णांच्या अभ्यासात असे पाच निसटले तर उत्तर बारा टक्क्यांनी खाली येतं, आणि ते कोणत्याही कॉन्फिडन्स इंटर्व्हलमध्ये दिसत नाही.

तपासा: बदली घर नको. तीन फेऱ्या, त्यातली एक संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी. "दवाखान्यात भरती" हे गैरहजेरीचं कारण फॉर्मवर वेगळं नोंदवा.

## टप्पा ७: चाचणीच्या चुका हिशेबात घ्या

दुर्मिळ आजारात चाचणीची लहानशी चूकही खऱ्या रुग्णांना झाकून टाकते. समजा एकच चाचणी केली आणि ती निरोगी माणसाला ९९ टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह सांगते. ऐकायला उत्तम. हजार लोकांत ४ खरे रुग्ण आणि ९९६ निरोगी. त्या ९९६ मधले सुमारे १० जण खोटे पॉझिटिव्ह निघतील. तुमचं उत्तर हजारात १४, खरं उत्तर ४. सॅम्पल दहापट केला तरी ही चूक जात नाही, उलट चुकीचं उत्तर जास्त ठाम दिसतं.

सिकलसेलमध्ये हे आणखी सरळ दिसतं. सोल्युबिलिटी टेस्ट वाहक आणि रुग्ण दोघांनाही पॉझिटिव्ह दाखवते, फरक सांगत नाही. म्हणून प्रत्येक पॉझिटिव्हची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावीच लागते. वाहक दहा टक्के धरले तर १५,९४४ लोकांमागे सुमारे १,६०० नमुने दुसऱ्या चाचणीला जातील. बजेटमध्ये ही ओळ हमखास राहते. एका अभ्यासात पैसे संपले म्हणून शेवटच्या काही गावांतले पॉझिटिव्ह "तात्पुरते रुग्ण" म्हणून मोजले गेलेले मी पाहिले आहेत.

उलट बाजूही बघा. पहिल्या चाचणीत सुटलेला रुग्ण दुसऱ्या चाचणीपर्यंत पोचतच नाही. हिमोग्लोबिन फार कमी असलं तर सोल्युबिलिटी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि रुग्णांचंच हिमोग्लोबिन कमी असतं. म्हणून तीव्र रक्तक्षय दिसणाऱ्या प्रत्येकाचा नमुना, पहिला रिपोर्ट काहीही असो, पुढे पाठवा.

## टप्पा ८: आकडा झेपत नसेल तर प्रश्न बदला, सूत्र वाकवू नका

त्या रेसिडेंटनं १७,९२० ऐकलं आणि म्हणाली, "मॅडम, तीन वर्षांत माझं लग्नपण आहे नं." खरं आहे. एकट्या विद्यार्थ्याला हे झेपणारं नाही. मग मार्ग काय?

पहिला, चूक ५० टक्के मान्य करा: ३,८२७ ला दीडनं गुणून ०.९ नं भागलं की सुमारे ६,३८० नावं. उत्तर ढोबळ येईल, पण ढोबळ आहे असं लिहून देता येईल.

दुसरा, वाहकांचं प्रमाण काढा. ते दहा टक्के धरलं आणि चूक २० टक्के ठेवली तर मूळ सॅम्पल फक्त ८६५ येतो. मात्र वाहकांवरून कागदावर रुग्ण काढायचा मोह आवरा. दहा टक्के वाहकांवरून हार्डी-वाइनबर्गच्या नियमानं हजारात २.८ रुग्ण येतात. आता समजा प्रत्यक्षात अर्ध्या लोकसंख्येत वाहक २० टक्के आहेत, उरलेल्या अर्ध्यात शून्य, आणि लग्नं आपापल्या समाजातच होतात. सरासरी वाहक तेच दहा टक्के, पण जन्मतः रुग्ण हजारात ६.४. दुपटीहून जास्त फरक! आपल्याकडे लग्नं जुळतात कशी हे माहीत असणाऱ्यानं हा नियम जिल्ह्याच्या सरासरीवर लावू नये. समाजनिहाय लावता येतो, तोही जन्माच्या वेळच्या प्रमाणासाठी.

तिसरा, जिथे नमुना लोकसंख्येच्या जवळ जातो तिथे नमुना घेऊच नका. वीस हजारांच्या पट्ट्यात १०,६२९ हवे असतील तर मर्यादित लोकसंख्येची दुरुस्ती लावून ६,९४० होतात, पण तिथे सगळ्यांचीच तपासणी करणं जास्त शहाणपणाचं. राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत शून्य ते चाळीस वयाच्या लोकांची तपासणी होते. त्यातला तुमच्या भागाचा डेटा रीतसर परवानगीनं मिळाला तर किती घरं राहून गेली हे तपासणं हाच चांगला थीसिस होईल.

आणि "वीस रुग्ण सापडेपर्यंत तपासत राहू" ही कल्पना वेडी नाही. तिला उलटं नमुनाकरण म्हणतात, हाल्डेननं १९४५ मध्ये तिचं गणित मांडलं. फक्त थांबायचा आकडा आधी लिहून ठेवावा लागतो, आणि r रुग्ण सापडायला n माणसं तपासावी लागली तर प्रमाण r/n नव्हे तर (r − 1)/(n − 1) असं काढायचं. "आता पुरे झाले, थांबू या" असं मध्येच ठरवलं तर ते नमुनाकरण राहत नाही.

## टप्पा ९: सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं आणि शेवटी काय काढायचं

परिच्छेद असा असू द्या: "रुग्णांचं अपेक्षित प्रमाण हजारात ४ (पट्टा २ ते ६), ९५ टक्के विश्वासपातळी, सापेक्ष चूक ३० टक्के. साध्या नमुन्यासाठी १०,६२९. प्रत्येक गावातून १०० जण आणि icc 0.005 धरून डिझाइन इफेक्ट १.५, म्हणून १५,९४४. दहा टक्के प्रतिसाद न मिळणं धरून १७,७१६. १६० गावांत प्रत्येकी ११२, एकूण १७,९२०. अपेक्षित रुग्ण सुमारे ६४." हे चौसष्ट ४३ पेक्षा जास्त का, असं कमिटीत विचारतील. उत्तर तयार ठेवा: क्लस्टरमुळे चौसष्ट रुग्णांत त्रेचाळीस सुट्या रुग्णांइतकीच माहिती असते.

निकाल काढताना गाव आणि वजन दोन्ही सांगून पट्टा काढा:

```
library(survey)
ds <- svydesign(ids = ~gaon, weights = ~wt, data = d)
svyciprop(~ss, ds, method = "beta")
```

थर केले असतील तर `strata` पण द्या. साधा "प्रमाण अधिक-उणे 1.96 गुणिले प्रमाणित चूक" हा पट्टा इथे वापरू नका. ३८४ मध्ये २ रुग्णांवर तो हजारात उणे २ पासून सुरू होतो. खालची टोकं ऋण आली की तुम्ही चुकीची पद्धत वापरली आहे हे कळायला दुसरा पुरावा लागत नाही.

आणि एकही रुग्ण सापडला नाही तर "प्रमाण शून्य" लिहू नका. साध्या नमुन्यात तीनला तपासलेल्या माणसांनी भागा, ती ९५ टक्के विश्वासानं वरची मर्यादा. ३८४ वर ती हजारात ७.८ येते, म्हणजे आपण धरलेल्या प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट. गावं निवडून घेतलेला नमुना असेल तर आधी माणसांच्या संख्येला डिझाइन इफेक्टनं भागा आणि मग तीनचा भागाकार करा.